‘टर्न इट ऑफ’, पण ‘लुक आफ्टर हर’: छोटा शब्द कोणाचा, यावर सर्वनामाची जागा

प्रश्न: “‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर असतील, तर ‘टर्न ऑफ इट’ चूक का? आणि मग ‘लुक हर आफ्टर’ का चालत नाही? कोणते फ्रेझल व्हर्ब तोडायचे आणि कोणते नाही, हे याद्या पाठ न करता ओळखता येते का?”

बऱ्याच अंशी येते. पण त्यासाठी क्रियापदावरची नजर काढून त्याच्यामागून येणाऱ्या छोट्या शब्दावर ठेवावी लागते. ‘टर्न’ तोडता येते का, ‘लुक’ तोडता येते का, असे विचारून काही हाती लागत नाही, कारण ‘टर्न इट ऑफ’ म्हणतात तसे ‘टर्न टू हिम’ही म्हणतात, आणि ‘लुक ॲट इट’ म्हणतात तसे ‘लुक इट अप’ही म्हणतात. क्रियापद तेच असते, वागणे वेगळे असते. म्हणून विचारायचे ते असे: हा ‘ऑफ’, हा ‘ॲट’, हा ‘अप’ कोणाचा आहे? तो क्रियापदाचा असेल, तर सर्वनाम दोघांच्या मध्ये येते. तो पुढच्या नामाचा असेल, तर सर्वनाम त्याच्यानंतर येते.

हा फरक मराठीत आपण रोज पाळतो. ‘दिव्याकडे बघ’ आणि ‘दिवा बंद कर’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यातला ‘कडे’ हा ‘दिव्या’ला चिकटलेला आहे. त्याच्यामुळे ‘दिवा’चे ‘दिव्या’ असे सामान्यरूप झाले आहे, आणि नामाच्या जागी सर्वनाम घातले तर ‘कडे’ त्या सर्वनामाला चिकटतो: ‘त्याच्याकडे बघ’. ‘कडे’ला तिथून उचलून वाक्यात दुसरीकडे ठेवता येत नाही. दुसऱ्या वाक्यातल्या ‘बंद’चे तसे नाही. तो ‘कर’च्या जोडीचा आहे, ‘दिवा’ या नामाला त्याने हात लावलेला नाही, आणि सर्वनाम घातले तरी ‘बंद’ आपल्या जागी राहतो: ‘तो बंद कर’. इंग्रजीत ‘लुक ॲट इट’मधला ‘ॲट’ हा या ‘कडे’च्या जातीचा आहे आणि ‘टर्न इट ऑफ’मधला ‘ऑफ’ हा ‘बंद’च्या जातीचा. अडचण इतकीच, की इंग्रजीत दोन्ही प्रकारचे शब्द दिसायला सारखे असतात, क्रियापदामागे सुटे लिहिले जातात, आणि त्यांच्यामुळे नामाचे रूप बदलत नाही. त्यामुळे कोण कोणाला चिकटले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

यात भर म्हणून दोन्ही प्रकारांना शिकवताना एकच नाव दिले जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली छापील रूपात पुढे आणले, आणि ते आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले, असेही त्यांनी नोंदवले. नाव सोयीचे आहे. पण रचनेने अगदी वेगळ्या अशा दोन गोष्टी त्याखाली एकत्र आल्या, आणि मग ‘तोडता येणारे’ व ‘न तोडता येणारे’ अशा दोन याद्या पाठ करण्याची वेळ विद्यार्थ्यांवर आली. माझ्या मते ‘तोडणे’ हा शब्दच थोडा दिशाभूल करतो. ‘लुक ॲट’मध्ये तोडण्याजोगे काही जोडलेलेच नाही, तिथे जोड आहे ती ‘ॲट’ आणि ‘इट’ यांची.

हे एका जोडीवर नीट पाहता येते. इंग्रजी व्याकरण शिकवणारे ही जोडी फार पूर्वीपासून वापरत आले आहेत, कारण तिच्यात एका अक्षराचाच फरक आहे: ‘ही रॅन अप अ बिल’ आणि ‘ही रॅन अप अ हिल’. पहिल्याचा अर्थ त्याने बिल वाढवून ठेवले, दुसऱ्याचा अर्थ तो टेकडी चढत पळाला. दोन्हीकडे ‘रॅन अप’ आहे. आता दोन्ही वाक्ये थोडी हलवून पाहू. ‘ही रॅन अ बिल अप’ असे म्हणता येते, पण ‘ही रॅन अ हिल अप’ असे म्हणता येत नाही. सर्वनाम घातले तर बिलाचे ‘ही रॅन इट अप’ होते आणि टेकडीचे ‘ही रॅन अप इट’ होते. याउलट केले तर दोन्ही चुकतात. मध्ये एखादे क्रियाविशेषण घालून पाहिले, तर ‘ही रॅन क्विकली अप द हिल’ हे वाक्य चालते, कारण ‘अप द हिल’ हा एक सलग तुकडा आहे आणि त्याच्याआधी फट आहे. ‘ही रॅन क्विकली अप अ बिल’ मात्र चालत नाही, कारण तिथे फट ‘अप’च्या आधी नाही, नंतर आहे. ‘हिल’च्या वाक्यातला ‘अप’ टेकडीचा आहे आणि ‘बिल’च्या वाक्यातला ‘अप’ पळण्याचा आहे. सर्वनाम म्हणजे ही फट नेमकी कुठे आहे हे दाखवणारी सर्वात खात्रीची खूण.

आता मूळ प्रश्नातला अवघड भाग घेऊ. नाम असताना दोन्ही क्रम चालतात, मग सर्वनाम असताना एकच का? याचे कारण आघातात आहे. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनाची असते. जे नवे सांगायचे आहे, ज्यावर जोर द्यायचा आहे, ते तिथे येते. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’ ही सर्वनामे आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी वापरतात, म्हणून त्यांच्यावर जोर नसतो आणि बोलताना ती मागच्या क्रियापदाला जवळजवळ चिकटून जातात. ‘टर्न इट ऑफ’ हे वाक्य सहज वेगाने म्हणून पाहा: ते ‘टर्निट-ऑफ’ असे ऐकू येते आणि जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘पिक इट अप’चे ‘पिकिट-अप’ होते. क्रियापदाचा हा छोटा शब्द आघात घेणारा असतो आणि सर्वनाम आघात न घेणारे, म्हणून आघात घेणारा शेवटी राहतो आणि दुसरा मध्ये सरकतो. ‘लुक ॲट इट’मध्ये उलट स्थिती आहे. तिथे जोर ‘लुक’वर असतो, ‘ॲट’ इतका हलका होतो की त्यातला ‘ॲ’ अस्पष्ट ‘अ’ बनतो, आणि ‘ॲट’ व ‘इट’ दोघे मिळून ‘लुक’च्या मागे ओढले जातात. ज्या विद्यार्थ्यांना नियम लक्षात राहत नाही, त्यांना मी दहा वाक्ये आघातासह मोठ्याने म्हणायला लावतो. ‘टर्न ऑफ इट’ म्हणताना शेवटी जोर कुठे द्यायचा हेच कळेनासे होते, आणि ती अडखळण वहीतल्या तांबड्या खुणेपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

कारण हे असल्यामुळे नियमाच्या कडाही त्यातूनच ठरतात. हा नियम साऱ्या सर्वनामांचा नाही. तो जोर नसलेल्या पुरुषवाचक सर्वनामांचा आहे, म्हणजे ‘मी’, ‘यू’, ‘हिम’, ‘हर’, ‘इट’, ‘अस’ आणि ‘देम’ यांचा. ‘पुल युवरसेल्फ टुगेदर’मध्ये दिसते त्याप्रमाणे आत्मवाचक रूपेही मध्येच येतात. परंतु ‘समथिंग’, ‘एव्हरीवन’ किंवा ‘माइन’ ही रूपे नामासारखी वागतात, म्हणून ‘पिक अप समथिंग’ आणि ‘पिक समथिंग अप’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. एखादा बोलताना ‘हिम’वर मुद्दाम ठासून जोर देतो, ‘तिला नव्हे, त्याला’ अशा अर्थाने, तेव्हा तो ‘हिम’ क्वचित शेवटी ऐकू येतो. तो अपवाद त्याच कारणाने घडतो, कारण तिथे सर्वनाम जोराचे झालेले असते. लिहिताना मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

नामाच्या बाबतीत दोन्ही क्रम चालतात असे म्हटले, तरी ते सर्वत्र सारखे चालत नाहीत. कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नये. ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर’ आणि ‘शी टर्न्ड द ऑफर डाउन’ ही दोन्ही सुटसुटीत आहेत, पण तिने नाकारलेला प्रस्ताव कोणी, केव्हा आणि कशासाठी दिला हे सगळे त्या कर्मात आले, तर ‘डाउन’ येईपर्यंत वाचक ‘टर्न्ड’चा अर्थ विसरतो. अशा वेळी ‘टर्न्ड डाउन’ एकत्र ठेवून लांब कर्म नंतर लिहावे. कर्माच्या जागी ‘गोइंग’ किंवा ‘स्मोकिंग’सारखे क्रियेचे नाम असेल, तर तेही नंतरच ठेवणे चांगले: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, ‘दे पुट ऑफ गोइंग’. त्याच क्रियेसाठी सर्वनाम वापरले, की ते लगेच मध्ये येते: ‘ही गेव्ह इट अप’, ‘दे पुट इट ऑफ’. उलट टोकाला काही मोजक्या रचना अशा आहेत, की तिथे नामही मध्येच ठेवावे लागते. जुळ्यांना एकमेकांपासून ओळखणे यासाठी ‘टेल द ट्विन्स अपार्ट’ म्हणतात. ‘टेल अपार्ट द ट्विन्स’ असे सहसा कोणी म्हणत नाही. अशा रचना थोड्या आहेत आणि त्या भेटतील तशा लक्षात ठेवाव्यात.

राहिला ओळखण्याचा प्रश्न. समोर नवे फ्रेझल व्हर्ब आले, तर छोटा शब्द कोणाचा हे कसे ठरवायचे? आधी एक किरकोळ गोष्ट बाजूला काढू. ज्याला कर्मच नाही, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘द कार ब्रोक डाउन’ किंवा ‘द चिल्ड्रन ग्रू अप’ यांत मध्ये घालायला काही नाही. कर्म असेल तेव्हाच पुढे विचार करायचा.

कर्म असेल तर छोट्या शब्दांचे तीन गट पाडता येतात, आणि त्यांपैकी दोन गटांत विचार करावाच लागत नाही. पहिल्या गटात ‘ॲट’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘इंटू’, ‘टू’, ‘विथ’, ‘आफ्टर’, ‘अगेन्स्ट’, ‘विदाउट’ आणि एका ‘एफ’चा ‘ऑव्ह’ हे शब्द येतात. हे जवळजवळ नेहमी नामाचे असतात, म्हणून सर्वनाम त्यांच्यानंतर येते: ‘लुक आफ्टर हर’, ‘वेट फॉर हिम’, ‘डील विथ इट’, ‘रन इंटू देम’. जवळजवळ म्हटले, कारण बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणे यासाठी ‘ब्रिंग हिम टू’ असा एक जुना प्रयोग आहे. परंतु असे प्रयोग इतके विरळ आहेत, की त्यांच्यासाठी नियम ढिला करण्याचे कारण नाही. ‘लुक हर आफ्टर’ चुकते ते एवढ्याचसाठी: ‘आफ्टर’ हा ‘हर’चा शब्द आहे आणि तो आपल्या नामाच्या आधीच उभा राहतो.

दुसऱ्या गटात ‘अवे’, ‘बॅक’, ‘आउट’, ‘अपार्ट’, ‘टुगेदर’, ‘फॉरवर्ड’ आणि ‘असाइड’ हे शब्द येतात. यांना स्वतःचे नाम घेण्याची सवय नसते. ‘अवे द बुक’ किंवा ‘बॅक द बुक’ असा तुकडा इंग्रजीत होत नाही. (‘आउट द विंडो’सारखा एखादा प्रयोग, विशेषतः अमेरिकी बोलण्यात, आढळतो, तेवढा सोडावा.) त्यामुळे यांच्यापुढे थेट कर्म दिसले, की ते क्रियापदाचे कर्म आहे असे समजावे आणि सर्वनाम मध्ये घालावे: ‘थ्रो इट अवे’, ‘गिव्ह देम बॅक’, ‘वर्क इट आउट’, ‘पुट इट असाइड’.

खरी शंका तिसऱ्या गटात असते. ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, दोन ‘एफ’चा ‘ऑफ’, ‘इन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अक्रॉस’ आणि ‘अराउंड’ हे शब्द दोन्ही बाजूंनी काम करतात. यांतून ‘अप’ आणि ‘डाउन’ लवकर सुटतात. एखाद्या वाटेने, उतारावरून किंवा जिन्यावरून खरोखरच वर-खाली जाणे असेल तर ते नामाचे, आणि बाकी जवळजवळ सर्वत्र क्रियापदाचे. म्हणून ‘गिव्ह इट अप’, ‘लुक इट अप’, ‘राइट इट डाउन’, ‘टर्न इट डाउन’, ‘फिल इट अप’. उरलेल्या शब्दांसाठी मी एक प्रश्न विचारतो, आणि वर्गात तो मला सर्वाधिक उपयोगी पडला आहे: क्रिया झाल्यावर ‘ऑन’ कोण होते, कर्ता की कर्म? ‘ऑफ’ कोण होते? पलीकडे, ‘ओव्हर’ कोण जाते?

‘टेक ऑफ युवर कोट’ घ्या. शेवटी अंगावरून निघाला तो कोट. कर्म ‘ऑफ’ झाले, म्हणून ‘ऑफ’ क्रियापदाचा, आणि सर्वनाम मध्ये: ‘टेक इट ऑफ’. ‘गेट ऑफ द बस’ घ्या. बस कुठे गेली नाही. उतरला तो माणूस. कर्ता ‘ऑफ’ झाला, म्हणून ‘ऑफ’ बसचा, आणि सर्वनाम नंतर: ‘गेट ऑफ इट’. गवतावर चालू नका या अर्थाच्या ‘कीप ऑफ द ग्रास’ या पाटीतही गवतापासून दूर राहायचे आहे ते वाचणाऱ्याने, म्हणून ‘कीप ऑफ इट’. ‘पुट ऑन द शर्ट’मध्ये अंगावर येतो तो शर्ट, म्हणून ‘पुट इट ऑन’; ‘गेट ऑन द ट्रेन’मध्ये चढतो तो प्रवासी, म्हणून ‘गेट ऑन इट’. ‘हँड ओव्हर द कीज’मध्ये पलीकडे जातात त्या किल्ल्या, म्हणून ‘हँड देम ओव्हर’. ‘जंप ओव्हर द वॉल’मध्ये पलीकडे जातो तो उडी मारणारा, म्हणून ‘जंप ओव्हर इट’.

अर्थ शब्दशः राहिला नाही, तरी हे चित्र पुष्कळदा आत शाबूत असते. ‘डिपेंड ऑन हिम’मध्ये भार कर्त्याचा असतो आणि तो ‘हिम’वर टेकलेला असतो, म्हणून ‘ऑन हिम’ फुटत नाही. ‘गेट ओव्हर इट’, म्हणजे दुखण्यातून किंवा दुःखातून सावरणे, यात अडथळा ओलांडून पलीकडे गेलेला असतो तो माणूस. म्हणून ‘इट’ शेवटी. ‘कम अक्रॉस इट’ म्हणजे एखादी वस्तू अवचित सापडणे, आणि यात चालून आलेला असतो कर्ता. याउलट ‘गेट इट अक्रॉस’ म्हणजे आपले म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचवणे, आणि यात पलीकडे जाते ते म्हणणे. दोन्हीकडे ‘अक्रॉस’ आहे, पण प्रवास कोणाचा, एवढ्यावरून सर्वनामाची जागा ठरली.

हीच कसोटी तेच शब्द, दोन अर्थ अशा जोड्यांत सर्वात चांगली लागू पडते, आणि तिथे सर्वनामाची जागा चुकली तर वाक्य नुसते अशुद्ध होत नाही, त्याचा अर्थच पालटतो. ‘आय सॉ इट थ्रू’ म्हणजे मी ते काम शेवटापर्यंत नेले. काम पार पडले. ‘आय सॉ थ्रू इट’ म्हणजे मला त्यातली लबाडी कळली. माझी नजर त्याच्या आरपार गेली. ‘टर्न हिम ऑन’ आणि ‘टर्न ऑन हिम’ यांतही असेच आहे. दुसऱ्याचा अर्थ अचानक त्याच्यावर उलटणे असा आहे, आणि पहिला प्रयोग दिवा किंवा यंत्र यांच्याबाबत निरुपद्रवी असला, तरी माणसाबाबत त्याला लैंगिक छटा येते. म्हणून ही अदलाबदल औपचारिक पत्रात झाली तर लिहिणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. ‘लुक इट ओव्हर’ म्हणजे तो कागद वरून खाली नजरेखालून घालणे. ‘लुक ओव्हर इट’ म्हणजे कुंपणासारख्या एखाद्या गोष्टीवरून पलीकडे पाहणे.

कसोटीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘फिल इन द फॉर्म’मध्ये आत जाते ती माहिती, फॉर्म नव्हे, तरीही ‘फिल इट इन’ असेच म्हणतात. तिथे चित्र उपयोगी पडत नाही, प्रयोग लक्षात ठेवावा लागतो. ‘रन ओव्हर’चे उदाहरण जास्त बोलके आहे. गाडी एखाद्याच्या अंगावरून गेली, तर वर गेलेली असते गाडी, म्हणजे कर्ता, आणि कसोटीप्रमाणे ‘रॅन ओव्हर हिम’ एवढेच यायला हवे. प्रत्यक्षात ‘रॅन हिम ओव्हर’ हे सर्रास बोलतात आणि लिहितात, कारण बोलणाऱ्यांच्या मनात ती सगळी क्रिया ‘आडवे करणे’ अशी एक झाली आहे. भाषेत असे सरकणे चालू असते. शंकेच्या जागी ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ एवढे पाच शब्द बहुतेक वेळा असतात, त्यामुळे लक्षात ठेवायचे अपवादही तेवढ्याच आवारातले असतात.

तीन शब्दांच्या रचना पाहिल्या, की हे सगळे आपोआप जुळते. ‘पुट अप विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘रन आउट ऑव्ह’, ‘लुक डाउन ऑन’ यांत पहिला छोटा शब्द क्रियापदाचा असतो आणि दुसरा नामाचा. कर्म येते ते दुसऱ्याच्या मागे, म्हणून सर्वनाम नेहमी अगदी शेवटी: ‘पुट अप विथ इट’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’. इथे ‘पुट इट अप विथ’ ही चूक मला वारंवार दिसते. ‘पुट इट अप’ पाठ असल्याची ती खूण असते. मात्र काही रचनांत कर्मे दोन असतात, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. एखाद्याला एखाद्या बेतापासून परावृत्त करणे यासाठी ‘टॉक हिम आउट ऑव्ह इट’ असे म्हणतात. ‘हिम’ हे ‘टॉक आउट’चे कर्म, म्हणून मध्ये, ‘इट’ हे ‘ऑव्ह’चे नाम, म्हणून त्याच्यानंतर. एकाच वाक्यात दोन सर्वनामे दोन वेगळ्या नियमांनी आपापल्या जागी बसली आहेत. ‘टेक इट आउट ऑन हिम’, म्हणजे आपला राग भलत्यावर काढणे, याचीही बांधणी हीच आहे.

आता एका विद्यार्थ्याने लिहिलेला छोटा परिच्छेद त्याच्याच शब्दांत घेऊ. त्याला एक फॉर्म मिळाला होता, आणि त्याने लिहिले होते: ‘आय फिल्ड इन इट, लुक्ड ओव्हर इट अगेन अँड हँडेड इन इट. द क्लार्क लुक्ड इट ॲट अँड गेव्ह बॅक इट. ही सेड ही कुडन्ट डील इट विथ.’ सहा ठिकाणी सर्वनाम आले आहे आणि सहाही जागा चुकल्या आहेत, पण चुका दोन वेगळ्या जातींच्या आहेत, हे त्याला आधी दिसायला हवे होते.

‘लुक्ड इट ॲट’ आणि ‘डील इट विथ’ या पहिल्या गटाच्या चुका. ‘ॲट’ आणि ‘विथ’ दिसले, की पुढे विचार नको: ‘लुक्ड ॲट इट’, ‘डील विथ इट’. बहुधा त्याने ‘सर्वनाम मध्ये घालायचे’ हा नियम ऐकला आणि तो सगळ्यांना लावला. अर्धा नियम शिकवल्यावर हमखास होणारी ही चूक आहे, आणि तिचा दोष शिकवणाऱ्याकडे जातो. ‘गेव्ह बॅक इट’मधला ‘बॅक’ दुसऱ्या गटातला, म्हणून ‘गेव्ह इट बॅक’. ‘हँडेड इन इट’मध्ये ‘इन’ आहे, म्हणजे प्रश्न विचारायचा: आत कोण गेले? कागद गेला, लिहिणारा नव्हे. म्हणून ‘हँडेड इट इन’. ‘फिल्ड इन इट’ हा वर सांगितलेला लक्षात ठेवायचा प्रयोग: ‘फिल्ड इट इन’. आणि ‘लुक्ड ओव्हर इट’ची गोष्ट निराळी. ते वाक्य व्याकरणाने अशुद्ध नाही, म्हणून तपासणारा तिथे चूक न दाखवता पुढे जाण्याचा संभव असतो. पण त्याला म्हणायचे होते की मी फॉर्म पुन्हा एकदा नजरेखालून घातला, आणि लिहिलेल्या वाक्यातून चटकन उमटणारे चित्र असे, की त्याने फॉर्मच्या वरून पलीकडे पाहिले. ‘लुक्ड इट ओव्हर अगेन’ असे केले, की हवा तो अर्थ येतो.

शंका उरलीच तर शब्दकोशातली नोंद कशी वाचायची, हे ठाऊक असावे. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत फ्रेझल व्हर्बच्या नोंदीतच ‘समबडी’ किंवा ‘समथिंग’ हे शब्द, बहुधा `sb` आणि `sth` असे आखडून, कर्माच्या जागी लिहिलेले असतात. ते छोट्या शब्दानंतर असतील, `look after sb` असे, तर सर्वनामही नंतरच. ते मध्ये असतील, तर सर्वनामही मध्ये. आणि काही शब्दकोश त्या मधल्या जागेपाशी `↔` असा दुहेरी बाण काढतात, त्याचा अर्थ नाम दोन्हीकडे चालते. बाण नसेल आणि कर्म मध्येच दाखवले असेल, तर अशा शब्दकोशात नामही मध्ये ठेवावे, असा त्याचा संकेत असतो. `put sb off sth` अशी नोंद दिसली, तर एक कर्म मध्ये आणि दुसरे शेवटी, म्हणजे ‘पुट हिम ऑफ इट’. एकाच फ्रेझल व्हर्बखाली अर्थ क्रमांकाने दिलेले असतात आणि कर्माची जागा अर्थागणिक बदलू शकते, म्हणून पहिली ओळ पाहून पुस्तक मिटू नये. आपल्याला हवा असलेला अर्थ ज्या क्रमांकाखाली आहे, त्याच ओळीतली जागा घ्यावी.